सिप्रोची गोळी, दम्याची गोळी आणि आपला चहा: छाती का धडधडते?



पावसाळा लागला की आपल्याकडे पोट बिघडायचे प्रकार वाढतात. कोणाला जुलाब, कोणाला उलट्या, कोणाला लघवीची जळजळ. दवाखान्यातून किंवा मेडिकलवरून जी पुडी येते तिच्यात सिप्रोफ्लॉक्सासिन ही गोळी बरेचदा असते. आपण तिला नुसतं 'सिप्रो' म्हणतो. ही गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, छातीत धडधड होते, डोळ्याला डोळा लागत नाही, गुजरातीत आपण जिला 'गभरामण' म्हणतो ती सुरू होते, असं सांगणारे सभासद ऑफिसात भेटत असतात. त्यातले निम्मे म्हणतात, "गोळी गरम पडली." बाकीचे म्हणतात, "जुलाबाने अशक्तपणा आलाय," आणि तिथल्या तिथे आणखी एक चहा मागवतात.

त्या चहासाठीच आम्ही आज हे लिहितो आहोत. कारण बऱ्याच वेळा धडधड त्या चहाचीच असते. गोळीने फक्त चहाला शरीरात अडवून ठेवलेलं असतं. आणि घरात कोणी दम्याची थिओफिलिनची गोळी घेत असेल तर प्रकरण नुसत्या धडधडीवर थांबत नाही. ते कसं, हे सावकाश सांगतो.

चहात आणि कॉफीत कॅफिन असतं. तरतरी येते ती त्याचीच. पोटात गेलेलं कॅफिन पाऊण-एक तासात रक्तात पूर्ण मिसळतं, आणि मग लिव्हर त्याला हळूहळू मोडून बाहेर काढत राहतं. लिव्हरमध्ये हे काम करणारं एक ठरावीक रसायन आहे. डॉक्टर मंडळी त्याला सीवायपी १ए२ म्हणतात. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. आपण त्याला वजनकाटा म्हणू. होड्या काठाला लागल्या की सगळा माल एकाच काट्यावरून जातो ना, तसंच. कॅफिनचा जवळजवळ सगळा माल लिव्हरच्या या एकाच काट्यावरून जातो. दुसरी वाट त्याला फारशी नाही.

बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या धडधाकट माणसात रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. माणसामाणसात फरक असतो, कोणाला तीन तास, कोणाला सात. म्हणून एक जण रात्री दहाला चहा पिऊन घोरतो आणि दुसरा संध्याकाळी पाचनंतर चहाला हात लावत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आता सिप्रो काय करते? ती येऊन त्या काट्यावर बसते. मागे कॅफिनची रांग लागते. तपासण्यांमध्ये असं दिसलंय की सिप्रोच्या नेहमीच्या डोसवर, म्हणजे ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कॅफिन निम्मं व्हायला पाचाऐवजी आठेक तास लागतात. काहींना त्याहून जास्त. हे काही आठवडाभर गोळी घेतल्यावर होतं असं नाही, पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं.

पाच आणि आठ, फरक छोटा वाटतो. म्हणून हिशेब मांडून बघू. एका छोट्या कपात ३० मिलिग्रॅम कॅफिन धरू. पावडर किती टाकली, किती उकळला यावर ते बदलतं, पण हिशेबाला तीस बरं. संध्याकाळपर्यंत चार कप पिऊन सहा वाजता एखाद्याच्या अंगात १०० मिलिग्रॅम शिल्लक आहे. एरवी रात्री अकरापर्यंत त्यातलं ५० राहतं आणि पहाटे चारला २५. झोप लागायला हरकत नाही. सिप्रो चालू असेल तर ५० वर यायलाच रात्रीचे दोन वाजतात, आणि २५ वर येईपर्यंत सकाळचे दहा. पण सकाळी दहापर्यंत कोण थांबतो? तोवर नवे दोन-तीन कप झालेले असतात. कालचं शिल्लक असतानाच आजचं वर पडतं. दोन-तीन दिवसांत साठा वाढत जाऊन पूर्वीच्या दीडपट, कधी त्याहून वर स्थिरावतो. म्हणजे रोज आठ कप पिणाऱ्याला न पिता बारा-तेरा कपांचा परिणाम भोगावा लागतो. रोजचे दोनच कप असतील तर ते तीन होतात आणि काही जाणवतही नाही. म्हणून एकाच घरात एकच गोळी दोघांनी घेतली आणि एकालाच त्रास झाला, असं होतं.

त्रासाचं रूप ओळखीचं आहे. बोटं बारीक थरथरतात, जाळ्याची गाठ मारताना आधी लक्षात येतं. छाती धडधडते, आडवं पडल्यावरही नाडी वेगाने चालते. चिडचिड होते, पोटात मळमळतं, लघवीला वारंवार जावं लागतं. आणि झोप नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटतं, आणि गळून गेल्यासारखं वाटतं म्हणून चहा. हे चक्र आपोआप थांबत नाही, कारण माणूस ज्याला औषध समजतोय तेच दुखणं वाढवतंय.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे होते. सिप्रो दुधाबरोबर, दह्याबरोबर घेऊ नये असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. दुधातल्या कॅल्शियमला चिकटून गोळी पोटातच अडकते, अंगी लागत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या-सिरप आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच. पण हा सल्ला घरी पोचेपर्यंत त्याचं 'दुधाचा चहा नको, कोरा चहा दे' असं होतं. जुलाबावर लिंबू पिळलेला कोरा चहा हा घरगुती उपाय आहेच, त्यामुळे आजारी माणसाला दिवसभरात पाच-सहा कप कोरा चहा मिळतो, तोही कडक. आजीने प्रेमाने दिलेला असतो, पण सिप्रो चालू असताना नेमका हाच उपाय उलटतो. गोळी पाण्याबरोबर घ्यावी. जुलाबात अंगात पाणी-मीठ भरायचं काम ओआरएसने होतं, ताकाने होतं, भाताच्या पेजेने होतं. ताक गोळीच्या वेळेला नको, दोन-तीन तास सोडून चालतं.

कॅफिन फक्त चहात नसतं हेही सांगायला हवं. पोरं रात्रीच्या फेरीला जाताना एनर्जी ड्रिंकचे डबे घेऊन जातात. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात एका लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिच्या एका डब्यात ७५ पर्यंत. आपल्या हिशेबाने ते अडीच कप चहा झाले. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत, सर्दीच्या काही गोळ्यांत पण कॅफिन घातलेलं असतं, बऱ्याचदा ५० मिलिग्रॅम. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. झोप न झाल्याने डोकं दुखलं, त्यावर नेमकी अशी गोळी घेतली, की आणखी दीड-दोन कप अंगात गेले.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात त्रास आहे, पण चहा कमी केला की एक-दोन दिवसांत उतरतो. आता दम्याच्या गोळीकडे येऊ. इथे आम्हाला खरी काळजी वाटते.

थिओफिलिन हे दम्याचं आणि जुनाट खोकल्या-धापेचं औषध. १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि कशातून काढलं? चहाच्या पानातून. नावातच चहाचं पान आहे, 'थिओ' म्हणजे चहा आणि 'फिल' म्हणजे पान. कॅफिन आणि थिओफिलिन ही सख्खी भावंडं आहेत, दोघांच्या बांधणीत एवढुसा फरक. म्हणून थिओफिलिन जास्त झालं की दिसणारी लक्षणं कॅफिनसारखीच असतात, फक्त फार जोरकस. आणि भावंडंच असल्याने लिव्हरमध्ये दोघांचा काटाही तोच. एकाच काट्यावर दोघांचा माल, त्यामुळे एकमेकांना थोडं अडवतातच. थिओफिलिन घेणाऱ्याच्या अंगात चहा नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकतो, आणि भरपूर चहा पिणाऱ्याच्या अंगात थिओफिलिन जास्त वेळ टिकतं. डॉक्टरने डोस ठरवला तेव्हा माणूस त्याचा रोजचा चहा पीतच होता, त्यामुळे हे एरवी जमून गेलेलं असतं. जमलेलं बिघडतं ते सिप्रो आल्यावर.

थिओफिलिनला जागा फार अरुंद आहे. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ५ ते १५ मायक्रोग्रॅम असेल तर काम करतं. २० च्या वर गेलं की उलट्या, धडधड, थरथर. त्याच्याही बरंच वर गेलं तर हृदयाचे ठोके बेताल होतात, फिट येते. आणि यातली वाईट गोष्ट अशी की कधीकधी आधी उलटी-मळमळ काही न होता थेट फिटच येते. सिप्रो स्वतःसुद्धा मेंदूला जरा फिटकडे ढकलणारी गोळी आहे, म्हणून दोन्ही मिळून धोका दुहेरी. अमेरिकेत सिप्रोला १९८७ मध्ये परवानगी मिळाली. थिओफिलिनबरोबर दिल्यावर हृदय बंद पडल्याचे, फिट आल्याचे, श्वास थांबल्याचे आणि माणूस दगावल्याचे प्रकार पुढे नोंदले गेले, आणि तिथल्या अधिकृत माहितीपत्रकात तसा इशारा छापलेला आहे. त्याच पत्रकात सिप्रोमुळे कॅफिन रेंगाळतं हेही लिहिलेलं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका सभासदाचं नाही, चार घरांतल्या गोष्टी एकत्र करून मांडलंय, म्हणून कोणी ओळखायच्या फंदात पडू नये.

एक काका आहेत, वय साठीच्या आसपास. तीस-पस्तीस वर्षं नदीवर गेली. दमा आहे. रोज रात्री थिओफिलिनची ४०० मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी घेतात, लागेल तसा निळा पंप ओढतात. दिवसाला आठ चहा आणि पंधरा बिड्या. हे सगळं चुकीचं असेल पण गेली पाच वर्षं याच्यावर त्यांची गाडी चाललेली आहे. रक्त तपासलं असतं तर थिओफिलिन ११ च्या आसपास निघालं असतं.

सोमवारी जुलाब सुरू झाले. संध्याकाळी सिप्रो ५०० मिळाली, दिवसातून दोन, पाच दिवस. दम्याची गोळी चालू आहे हे कोणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही. काकांच्या मते ती गोळी म्हणजे औषध नव्हेच, ती रोजची सवय.

आजारी असल्याने बिडी सुटली. इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बिडीच्या धुरात जी काजळीसारखी द्रव्यं असतात ती लिव्हरचा हा काटा जोरात चालवतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन आणि थिओफिलिन दोन्ही झपाट्याने बाहेर पडतात, कॅफिन तर न ओढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने. म्हणून ओढणाऱ्याला चहा जास्त लागतो आणि थिओफिलिनचा डोसही जास्त लागतो. काकांचा ४०० चा डोस त्यांच्या बिड्यांसकट बसलेला होता. बिडी बंद झाली की तीन-चार दिवसांत काटा मंदावतो आणि तोच डोस अंगात जास्त भरतो. तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही, कारण हे काम धुराचं आहे, तंबाखूतल्या निकोटिनचं नाही. (याचा अर्थ बिडी चालू ठेवा असा कोणी काढू नये. बिडी सोडणाऱ्याने दम्याच्या डॉक्टरला कळवावं एवढाच अर्थ आहे.)

तर काकांच्या बाबतीत बिडी सुटल्याने काटा मंदावला, एक तृतीयांश धरा. त्याच्यावर सिप्रो येऊन बसली, तिने आणखी तीसेक टक्के वेग काढून घेतला. शंभराचे झाले पासष्ट, पासष्टाचे पंचेचाळीस. गोळी तीच आणि बाहेर जायचा वेग निम्म्याहून कमी. हिशेबाने ११ चे २४ होतात. पण लगेच होत नाहीत. साठा भरत जायला दोन-तीन दिवस लागतात.

म्हणून काकांना सोमवारी, मंगळवारी काही वाटलं नाही. बुधवारी जुलाब थांबले, सगळे म्हणाले बरं झालं, आणि गुरुवारी पहाटे धडधड सुरू झाली. आता याचा संबंध सोमवारच्या गोळीशी कोण लावणार? काकांना वाटलं दमाच उठलाय, कारण छातीत अस्वस्थ झालं की त्यांना दमाच आठवतो. त्यांनी निळा पंप चार वेळा ओढला आणि दुपारी थिओफिलिनची एक जास्तीची गोळी घेतली. घरच्यांनी तरतरी यावी म्हणून चहा दिला.

निळ्या पंपात सालबुटामॉल असतं. तेही हात थरथरवतं आणि ठोके वाढवतं. शिवाय ते रक्तातलं पोटॅशियम कमी करतं, थिओफिलिनही कमी करतं, आणि तीन दिवसांच्या जुलाबात पोटॅशियम आधीच वाहून गेलेलं असतं. पोटॅशियम कमी झालेलं हृदय ताल चुकवायला तयारच बसलेलं असतं. म्हणजे जुलाब बरे झाले तेव्हाच काका सगळ्यात जास्त धोक्यात होते. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या म्हणून नशिबाने मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या पुड्या टेबलावर मांडायला सांगितल्या आणि दोन मिनिटांत प्रकार ओळखला. थिओफिलिन थांबवली, सिप्रोऐवजी काहीच दिलं नाही कारण जुलाब थांबलेच होते, सलाईनमधून पोटॅशियम दिलं, रात्रभर हृदयाच्या मशीनवर ठेवलं.

यात एक प्रश्न प्रत्येक घरात पडतो: धडधड कशाची आहे हे ओळखायचं कसं? जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की ठोके वाढतात, दमा उठला तरी वाढतात, तापातही वाढतात. आम्ही डॉक्टर नाही, पण विचारून विचारून जे समजलं ते असं. पाणी कमी झालं असेल तर तोंड-जीभ कोरडी पडते, लघवी गडद आणि थोडी होते, उठून उभं राहिलं की गरगरतं आणि आडवं पडलं की बरं वाटतं. दमा असेल तर श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते, बोलताना वाक्य तुटतं. चहाची किंवा थिओफिलिनची धडधड असेल तर श्वास मोकळा असतो, ताप नसतो, आडवं पडूनही ठोके कमी होत नाहीत, हात पुढे करून बोटं पसरली की थरथर दिसते, आणि आठवून बघितलं तर सगळं सिप्रो सुरू झाल्यानंतरचं असतं. चहा प्यायल्यावर तासाभरात वाढतं, ही पण खूण आहे. मात्र एकाच माणसात दोन कारणं एकत्र असू शकतात, काकांच्यात होती, म्हणून या खुणांवर विसंबून घरी बसू नये.

नाडी मोजायला शिकून घ्या. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि मोजायचं. दहा मिनिटं शांत बसल्यावर मोजावी, काटा चढून आल्या आल्या नव्हे. शंभरच्या वर असेल तर वेगवान. फक्त चहा पिणारा माणूस असेल, १०० ते ११० असेल आणि बाकी ठीक असेल तर चहा बंद करून दवाखान्यात फोन करून विचारता येतं. थिओफिलिन घेणारा असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि नाडी १२० च्या वर असेल, मधेच ठोका चुकत असेल, उलट्या थांबत नसतील, छातीत दुखत असेल, माणूस बरळत असेल किंवा फिट आली, तर १०८ ला फोन. वडोदऱ्यात सयाजी हॉस्पिटलची इमर्जन्सी रात्रंदिवस चालू असते. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी पाकिटं सुद्धा.

पाकिटं न्या हे अशासाठी, की थिओफिलिन वेगवेगळ्या नावांनी घरात असतं. डेरिफायलिन आपल्याकडे सगळ्यात ओळखीची, तिच्यात इटोफायलिन आणि थिओफिलिन अशी दोन औषधं एकत्र असतात. तिच्या १५० च्या गोळीत थिओफिलिन फक्त ३५ मिलिग्रॅम असतं, ३०० च्या गोळीत ६९, म्हणून तिच्यावर काकांसारखी वेळ सहसा येत नाही, धडधड मात्र होऊ शकते. सालबुटामॉल आणि थिओफिलिन एकत्र असलेल्या स्वस्त गोळ्या पण चालतात. जड म्हणजे ३००, ४००, ६०० च्या नुसत्या थिओफिलिनच्या गोळ्या. नावाच्या शेवटी 'फिलिन' किंवा 'फायलिन' दिसलं की डॉक्टरला दाखवायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. त्यातल्या डॉक्सोफायलिनचा या काट्याशी फारसा संबंध येत नाही असं मानतात, पण ते ठरवणं आपलं काम नव्हे.

सिप्रोला पर्याय आहेत का, असं काही जण विचारतात. आहेत. तिच्याच घराण्यातल्या ओफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या हा काटा फारच कमी अडवतात. ॲझिथ्रोमायसिनचंही तसंच. पण कोणत्या आजाराला कोणती चालेल हे डॉक्टर बघतील, मेडिकलवाल्याकडून बदलून आणू नका. शिवाय साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा कोणतीच अँटिबायोटिक लागत नाही, ओआरएस आणि दोन दिवस पुरतात. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांसमोर बोलायचं वाक्य एकच आहे: "डॉक्टरसाहेब, मी दम्याची ही गोळी रोज घेतो आणि चहा एवढे पितो." लाज वाटायचं कारण नाही. चहाचा आकडा खरा सांगा, दोन सांगून आठ पिऊ नका.

आमच्या बहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. माला-डीसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्याही हा काटा मंदावतात, त्यांच्यावर असताना कॅफिन निम्मं व्हायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तर त्याहून जास्त. अशात सिप्रोची भर पडली तर दोन-तीन कप चहासुद्धा झोप उडवतो. मासळीच्या टोपल्या उचलून धडधड होते असं समजून बायका महिनोन्‌महिने गप्प राहतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता सिप्रो चालू असेल तर करायचं काय? थिओफिलिन न घेणाऱ्याने गोळी अर्ध्यात सोडू नये, चहा कमी करावा. रोजच्या आठवरून सकाळचा एक, फार तर दुपारचा एक, आणि दुपारी दोननंतर नाही. एकदम पूर्ण बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, ते चहा सुटल्याचं असतं, म्हणून सकाळचा एक ठेवलेला बरा. त्या डोकेदुखीवर कॅफिनवाली गोळी घेऊ नका. थिओफिलिन घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने दोन्हीपैकी काही बंदही करू नये आणि एकत्र चालूही ठेवू नये, पहिल्या गोळीच्या आधीच विचारावं. सिप्रो द्यावीच लागली तर डॉक्टर थिओफिलिनचा डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात, आणि मोठ्या लॅबमध्ये रक्तातलं थिओफिलिन मोजता येतं.

सिप्रो शरीरातून लवकर निघून जाते. शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांत काटा मोकळा होतो आणि चहा पूर्वीसारखा पचायला लागतो. थिओफिलिनचा डोस कमी केला असेल तर तो पुन्हा कधी आणि किती वाढवायचा ही तारीख दवाखान्यातून निघतानाच लिहून घ्या. नाहीतर कमी केलेल्या डोसवर पंधरा दिवस जातात आणि दमा खरोखरच उठतो.